हुकूम आणि सबब : तरण तलावावरील एका पाटीचे भाषांतर

सार्वजनिक तरण तलावावर जी नियमांची पाटी लावलेली असते, तिच्यात आणि जुन्या काळच्या सरकारी जाहीरनाम्यात एक साम्य असे की, दोहोंत हुकूम तेवढा असतो, सबब नसते. आधी शॉवर घ्यावा, टोपी घालावी, उथळ भागात उड्या घेऊ नयेत, संसर्गजन्य रोग असल्यास पाण्यात उतरू नये, अशी दहा-बारा वाक्ये एकाखाली एक मांडली की पाटी पुरी झाली असे समजले जाते. परंतु सबब न सांगितलेला हुकूम वाचणारा मनुष्य ती सबब आपल्या अदमासाने स्वतःच कल्पितो, आणि ती कल्पित सबब आपल्याला जितपत लागू आहे असे त्याला वाटते तितपतच तो हुकूम पाळतो. शॉवर अंगाच्या स्वच्छतेसाठी आहे असे ज्याने ठरविले, तो सकाळी घरी आंघोळ झालेली असल्याने सरळ पाण्यात उतरतो. आणि उडी घेण्याची मनाई इतरांच्या अंगावर पाणी उडू नये म्हणून आहे असे ज्याने मानले, तो आजूबाजूस कोणी नाही अशी खात्री करून निर्धास्तपणे सूर मारतो. या दुसऱ्या गृहस्थाची पुढे मानेखालची हालचाल कायमची जाऊ शकते, हे पाटीवर कोठेच लिहिलेले नसते.

आमच्या वसाहतीतील तलावावर बांधकाम ठेकेदाराने लावून दिलेली इंग्रजी पाटी होती, आणि तिचे मराठी करून द्यावे असे व्यवस्थापक मंडळाने मला सांगितले, तेव्हा या गोष्टीचा विचार करणे भाग पडले. मूळ वाक्याशी इमान राखून शब्दाला शब्द देत गेल्यास काम अर्ध्या तासाचे होते. परंतु प्रत्येक नियमाची सबब आधी शोधून मग तो मराठीत लिहावयाचा असे ठरविल्यावर असे दिसून आले की, काही नियम मुळाहून अधिक लांब लिहावे लागतात आणि काहींचे तर शब्दच बदलावे लागतात.

पहिला नियम शॉवरचा. आमचा तलाव २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे. म्हणजे त्यात सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. या पाण्यात दर लिटरमागे २ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन राखले आहे असे धरले, तर एवढ्या पाण्यातील सारे क्लोरीन एकत्र करून तोलले असता ते पुरते १ किलोसुद्धा भरत नाही. तलावाची सारी मदार या ९४० ग्रॅमांवर असते, आणि क्लोरीनला आपपरभाव नसतो. जंतू समोर आला तर ते जंतूवर खर्च होते. घाम, केसांचे तेल, अंगाला लावलेला लेप किंवा त्वचेचा मळ समोर आला तर त्यांवर खर्च होते. माणसाच्या अंगावरून जे पाण्यात येते, त्यातले जंतू थोडे आणि इतर माल फार, अशी स्थिती असल्याने क्लोरीनचा बराच मोठा भाग ज्या कामासाठी ते घातले त्या कामाला येण्याआधीच संपून जातो.

तेही एक वेळ चालले असते. परंतु घामात आणि मूत्रात जो युरिया व अमोनिया असतो त्याच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाचे पदार्थ तयार होतात. जंतू मारण्याची त्यांची ताकद अगदीच अल्प असते, आणि त्यांतला एक प्रकार पाण्यातून सहज उडून पृष्ठभागावरच्या हवेत साठतो. पोहून आल्यावर डोळे लाल होतात, बंदिस्त तलावात खोकल्याची उबळ येते, आणि आत शिरताच एक उग्र वास नाकात भरतो, ते सारे मुख्यतः याचे प्रताप होत. या वासालाच लोक क्लोरीनचा वास म्हणतात, आणि तो आला म्हणजे औषध जास्त पडले असा निष्कर्ष काढून तलावावरचा कामगार दुसऱ्या दिवशी मात्रा कमी करतो. तेणेकरून रोग होता तो बळावतो. तलावाचे पाणी चांगले राखलेले असले तर त्याला वास जवळजवळ येतच नाही.

याची पारख करण्याची युक्ती साधी आहे. तलावाच्या काठावर पाणी तपासण्याची जी लहानशी पेटी असते, तिच्यातील पहिली गोळी पाण्याच्या नमुन्यात टाकली की गुलाबी रंग चढतो. तो मोकळ्या, म्हणजे अजून कामास उपलब्ध असलेल्या क्लोरीनचा. त्याच नमुन्यात दुसऱ्या प्रकारची गोळी टाकल्यावर रंग आणखी गडद झाला, तर ती वाढ क्लोरामाइनची समजावी. रंग जागच्या जागी राहिला तर पाणी ठीक आहे. ठळकपणे वाढला तर वास असो वा नसो, क्लोरीन कमी करण्याऐवजी वाढविण्याची आणि थोडे जुने पाणी सोडून ताजे पाणी घेण्याची तजवीज केली पाहिजे. ही परीक्षा रोज व्हावी अशी अपेक्षा असते. आमच्या पेटीतल्या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांचे पाकीट मात्र तोवर फोडलेलेच नव्हते.

शॉवरखाली एक मिनिट उभे राहिल्याने अंगावरचा घाम व मळ यांपैकी बहुतेक भाग निघून जातो, आणि हा एक मिनिटाचा उपचार तलावाच्या गाळणयंत्राला कित्येक तासांत साधत नाही. येथे 'सकाळची आंघोळ' या सबबीला वाव राहू नये म्हणून नियम मी असा लिहिला : 'पाण्यात उतरण्यापूर्वी लगेच, येथील शॉवरखाली निदान १ मिनिट अंग चोळून धुवावे, घरी आंघोळ झालेली असली तरीही. अंगास व केसांस तेल लावून येऊ नये. घाम व तेल यांवर खर्च झालेले क्लोरीन जंतू मारण्यास उरत नाही.' मुळात तेलाचा उल्लेख नव्हता, कारण तो मजकूर ज्या देशात रचला गेला तेथे रविवारी डोक्याला खोबरेल चोपडून पोहावयास येण्याचा परिपाठ नसावा. ते तेल पाण्याच्या रेषेवर फरशांना चिकट पट्टा धरते आणि गाळणीतील वाळूची ढेकळे करते.

मूत्रासंबंधीच्या नियमावर मंडळात थोडी चर्चा झाली. एका सभासदांचे म्हणणे असे की, प्रतिष्ठित वसाहतीच्या भिंतीवर असला शब्द लिहिणे बरे दिसत नाही, म्हणून 'पाणी अस्वच्छ करू नये' एवढेच लिहावे. परंतु पाणी अस्वच्छ करण्याचा इरादा कोणाचाच नसतो. लोकांची समजूत एवढीच असते की, एवढ्या पाण्यात एवढ्याशाने काय होणार. २०१७ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी याचे मोजमाप एका चतुर युक्तीने केले. डबाबंद पेयांत घालतात त्यांपैकी एक कृत्रिम गोड पदार्थ शरीरात न पचता मूत्रावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो आणि पाण्यात दीर्घकाळ टिकतो. तो तलावाच्या पाण्यात किती सापडतो यावरून मूत्राचा हिशेब त्यांनी मांडला. सुमारे ८ लाख ३० हजार लिटरांच्या एका तलावात अदमासे ७५ लिटर मूत्र असल्याचे त्यांना आढळले. हा आकडा सभेत वाचून दाखविल्यावर शिष्टाचाराचा मुद्दा कोणी पुढे रेटला नाही, आणि 'तलावात लघवी करू नये. तिच्यामुळे डोळे चुरचुरतात व खोकला येतो' असे वाक्य एकमताने मंजूर झाले.

टोपी आणि सुती कपडे यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पाणी पंपात शिरण्यापूर्वी एका जाळीच्या टोपलीतून जाते. गळालेले केस आणि सुती कापडाचे तंतू यांचा तेथे गुंता होऊन पाण्याचा ओघ मंदावतो, आणि ओघ मंदावला की गाळण्याचे सारे काम मागे पडते. शिवाय सुती कपडा भिजून जड होतो आणि साबणाचा अंश पाण्यात सोडतो. टोपी केसांच्या रक्षणासाठी आहे असा समज असल्यामुळे केस आखूड असणारे लोक ती घालीत नाहीत. त्यांच्यासाठी 'केस आखूड असले तरी' एवढे तीन-चार शब्द जोडणे पुरेसे झाले.

जुलाबांविषयीचा नियम मात्र मुळात असा होता की, संसर्गजन्य रोग असलेल्यांस प्रवेश नाही. याचे मराठी निर्दोष होते आणि पूर्णतः निरुपयोगीही होते. कारण संसर्गजन्य रोग म्हटले की सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढे देवी, गोवर, क्षय असे भारदस्त आजार उभे राहतात, आणि दोन दिवस पोट बिघडलेल्या आपल्या मुलाचा त्या पंक्तीत तो समावेश करीत नाही. तलावाला खरे भय मात्र या बिघडलेल्या पोटाचेच असते. पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर जुलाब करणारे बहुतेक जिवाणू एका मिनिटाच्या आत मरतात. कावीळ आणणारा एक विषाणू सुमारे पाव तास तग धरतो. परंतु क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परोपजीवी जीव आहे, त्याच्या बीजाभोवती असे कठीण कवच असते की तेवढ्याच क्लोरीनमध्ये ते दहा दिवसांहून अधिक काळ जिवंत राहते. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात याच जीवाने पिण्याच्या पाण्यातून शिरकाव करून सुमारे चार लाख लोकांना आजारी पाडले, आणि ते पाणी क्लोरीन घालून शुद्ध केलेलेच होते.

या बीजांचा आकार एका मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्शाच्या आसपास असल्याने वाळूची गाळणी त्यांना भरवशाने अडवू शकत नाही. रोग्याच्या एका वेळच्या पातळ मलातून ती कोट्यवधींच्या संख्येने बाहेर पडतात. आणि ज्याच्या पोटात जाऊन त्याला आजारी करावयाचे, त्याला दहा-वीस बीजेही पुरतात. पोहताना नकळत घोटभर पाणी पोटात जातेच. आता समजा, तलावात कोणा मुलाला पातळ जुलाब झाला. अशा वेळी सर्वांना बाहेर काढून, जाळीने जे निघेल ते काढून, पाण्यातील क्लोरीन लिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंत चढवून ते तेथेच १२ तास ४५ मिनिटे राखावे असे अमेरिकेतील रोगनियंत्रण खात्याचे मार्गदर्शन आहे. आमच्या तलावापुरता हिशेब केला तर मूळचे २ मिलिग्रॅम आहे असे धरूनही सुमारे साडेआठ किलो शुद्ध क्लोरीन लागते. म्हणजे ज्यात एक तृतीयांश क्लोरीन आहे अशी ताजी ब्लीचिंग पावडर २५ किलोंच्या घरात हवी. ही पावडर दमट खोलीत पडून राहिली की तिचा कस झपाट्याने उतरतो, सबब पोत्यावरच्या आकड्यावर न विसंबता पाणी तपासूनच २० मिलिग्रॅमची खात्री करावी लागते. ती रात्र आणि दुसरा दिवस तलाव बंद राहतो, आणि क्लोरीन पुन्हा खाली उतरल्याशिवाय तो उघडता येत नाही. घट्ट मल पडल्यास प्रकरण पुष्कळ सौम्य असते. मल काढून टाकून २ मिलिग्रॅमवर सुमारे अर्धा तास पाणी रिकामे ठेवले की काम भागते. हा भेद ठाऊक नसल्यामुळे काही ठिकाणी दोन्ही प्रसंगी सारखीच घबराट होते आणि काही ठिकाणी दोन्ही प्रसंगी सारखाच निष्काळजीपणा.

यातली खरी गोम अशी की, जुलाब थांबल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत ही बीजे मलावाटे पडत राहू शकतात. म्हणून नियम असा झाला : 'जुलाब होत असल्यास पाण्यात उतरू नये. तपासणीत क्रिप्टोचा रोग निघाला असल्यास जुलाब थांबल्यानंतर आणखी २ आठवडे उतरू नये. या रोगाची बीजे तलावाच्या नेहमीच्या क्लोरीनने मरत नाहीत.' आपल्याकडे जुलाब झाला म्हणून मलाची तपासणी करविणारे लोक विरळा, तेव्हा हा दोन आठवड्यांचा भाग व्यवहारात फारसा अमलात येणार नाही हे मला दिसते. परंतु पहिले वाक्य जरी पाळले गेले तरी पुष्कळ साधले.

आता सुराच्या मनाईकडे वळू. मूळ वाक्यातील इंग्रजी शब्दाचा अर्थ उडी, सूर आणि बुडी या तिहींकडे ओढता येतो, आणि आधीच्या कोणा भाषांतरकाराने काठावर रंगविलेल्या एका जुन्या ओळीत 'उडी मारू नये' असे म्हटले होते. उथळ पाण्यात पाय खाली ठेवून घेतलेल्या उडीने घोटा मुरगळतो, क्वचित मोडतोही. परंतु डोके खाली करून मारलेल्या सुराने मान मोडते. ज्याची बंदी जीव वाचविण्यासाठी आहे ती बंदी मुटक्याच्या आणि पायउडीच्या गर्दीत हरवता कामा नये, म्हणून 'सूर' हाच शब्द पाटीवर यावयास हवा होता. याला आपल्या प्रदेशापुरते आणखी एक कारण आहे. आपल्यातील पुष्कळ लोक पाठीला पांगाऱ्याची सांगड, सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून गावच्या विहिरीत पोहावयास शिकले. विहिरीत काठावरून सूर मारणे हीच पोहणाराची प्रतिष्ठा, आणि तेथे ती बहुधा निभावून जाते, कारण खाली दोन-तीन पुरुष पाणी असते. तोच पट्टीचा पोहणारा शहरातल्या तलावाच्या ४ फूट पाण्याकडे विहिरीच्या सवयीने पाहतो.

या ४ फूट पाण्यात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. साडेपाच फूट उंचीचा मनुष्य हात डोक्यापुढे ताणून सुरात येतो तेव्हा त्याची लांबी सुमारे सात फूट होते. म्हणजे त्याचे तळवे तळाला लागतात त्या क्षणी त्याचे गुडघे अजून पाण्याबाहेर असतात. हात घट्ट जुळलेले नसले तर ते बाजूला सरतात आणि टाळू फरशीवर आदळतो. डोके तेथेच थांबते, परंतु मागून येणाऱ्या साऱ्या देहाचा वेग थांबलेला नसतो, आणि तो सगळा भार मानेच्या मणक्यांवर येतो. एरवी मानेला जो मागे किंचित वळलेला बाक असतो तो डोके छातीकडे झुकविल्यामुळे सरळ झालेला असतो, त्यामुळे धक्का जिरवावयास स्प्रिंगसारखी लवचिकता उरत नाही; बहुतकरून पाचवा मणका चिरडून त्याचा तुकडा मज्जारज्जूत घुसतो. हे घडणारे बहुधा धडधाकट तरुण असतात. अमेरिकेतील रेडक्रॉस संस्था काठावरून सूर मारण्यासाठी निदान ९ फूट पाणी असावे असे सांगते. आमच्या तलावात इतके पाणी कोठेच नाही, तेव्हा 'उथळ भागात' हे मूळ पाटीवरील शब्द गाळून 'या तलावात कोठेही सूर मारू नये' असे करणे प्राप्त झाले. आणि असा अपघात झालाच तर त्या माणसाला काखेत हात घालून ओढून बाहेर काढणे ही सर्वांत घातक मदत ठरते. श्वास चालू असेल तर त्याचे तोंड पाण्यावर ठेवून, डोके आणि धड एका रेषेत धरून, फळी येईपर्यंत त्याला पाण्यातच तोलून धरावे. पायांना मुंग्या आल्या किंवा ते जाणवेनासे झाले असे तो म्हणू लागला तर शंकेला जागाच राहत नाही.

खोलीचे आकडे काठावर का रंगवितात याचीही सबब येथेच सांगून टाकतो. पाण्यातून बाहेर येताना प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे वरून सरळ पाहणाऱ्याला पाणी त्याच्या खऱ्या खोलीच्या सुमारे तीन चतुर्थांश खोल दिसते, आणि तिरपे पाहिल्यास त्याहूनही उथळ. ६ फूट पाणी साडेचार फूट भासते. साडेपाच फुटी आणि पोहता न येणारा मनुष्य आपल्याला खांद्याएवढे पाणी येईल अशा भरवशाने तेथे उतरतो, आणि पाय टेकतात तेव्हा डोक्यावर अर्धा फूट पाणी असते. आमच्या तलावावर हे आकडे मीटरमध्ये होते, आणि १.८ या आकड्याने कोणाच्याही मनात आपल्या उंचीशी तुलना उभी राहत नाही, कारण आपली उंची आपण फुटांतच मोजतो. म्हणून आकडे फुटांत आणि ठसठशीत, उतरण्याच्या प्रत्येक शिडीजवळ काढविले.

मूळ पाटीवर एक नियम असा होता की, दीर्घकाळ श्वास रोधून पाण्याखाली राहू नये. वाचणाऱ्याला हा नियम कच्च्या पोहणाऱ्यांसाठी असावा असे वाटते. वास्तविक तो पक्क्या पोहणाऱ्यांसाठी आहे. श्वास रोखला असता तो घेण्याची जी अनावर ऊर्मी उठते ती प्राणवायू कमी झाल्यामुळे उठत नसून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे उठते. आता पैज जिंकण्यासाठी कोणी बुडी मारण्याआधी काठावर उभे राहून भस्त्रिकेसारखे भराभर खोल श्वास घेतले, तर प्राणवायूचा साठा म्हणण्यासारखा वाढत नाही, कारण रक्त आधीच त्याने जवळजवळ भरलेले असते. कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर टाकला जातो. परिणामी ऊर्मी उठण्याची वेळ लांबते, प्राणवायू मात्र आपल्या नेहमीच्या गतीने संपत राहतो, आणि धोक्याची सूचना मिळण्यापूर्वीच त्या माणसाची शुद्ध हरपते. त्याला गुदमरल्यासारखे वाटत नाही, तो धडपडत नाही. एक-दोन हात आणखी मारून तो तळाशी निश्चल होतो, आणि पुढच्या आपोआप घेतल्या जाणाऱ्या श्वासाबरोबर पाणी छातीत शिरते. काठावरून पाहणाऱ्याला तो अजून पैजच जिंकीत आहे असे दिसते. हा नियम 'दीर्घकाळ' या मोघम शब्दावर सोडून भागण्यासारखा नव्हता, कारण दीर्घ म्हणजे किती हे प्रत्येकजण आपल्या गुर्मीप्रमाणे ठरवितो. पाटीवर लिहिले ते असे : 'पाण्याखाली श्वास रोखण्याच्या पैजा लावू नयेत. बुडीपूर्वी भराभर श्वास घेऊ नयेत. त्याने काही न जाणवता शुद्ध जाते.'

शेवटी जीवरक्षकाविषयीचे दोन नियम : त्याच्याशी गप्पा मारू नयेत, आणि गमतीने 'बुडालो' अशी हाकाटी करू नये. पहिला नियम लोक शिस्तीचा समजतात आणि दुसरा शिष्टाचाराचा. अमेरिकेतील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी खऱ्याखुऱ्या बुडणाऱ्यांच्या चित्रफितींचा अभ्यास करून जे वर्णन केले, त्यावरून बुडणारा मनुष्य ओरडत नाही व हातही हालवीत नाही. त्याचे तोंड क्षणभर पाण्यावर येते आणि तेवढ्यात त्याला श्वास सोडून पुन्हा घ्यावयाचा असतो. हाक मारण्यास वेळच उरत नाही. हात वर करून मदत मागावी तर ते हात पाणी खाली दाबून तोंड वर ठेवण्यात गुंतलेले असतात. शरीर उभे असते, पाय फारसे हलत नाहीत, आणि हे सारे २० ते ६० सेकंदांत आटोपते. म्हणून जीवरक्षकाने आपल्या टापूवर १० सेकंदांत नजर फिरवून संकट ओळखावे आणि पुढच्या २० सेकंदांत तेथे पोचावे, असा दंडक कित्येक ठिकाणी घालून दिलेला असतो. त्याच्याशी कोणी पावसापाण्याविषयी अर्धा मिनिट बोलला, तर त्या अर्ध्या मिनिटात हा सगळा हिशेब संपतो. खोट्या हाकेमागे तो धावला, तर तलावाचा उरलेला भाग तेवढा वेळ बेवारस राहतो, आणि खरोखर बुडणारा तर हाक मारणारच नसतो.

या माहितीमुळे लहान मुलांसंबंधीचा नियमही बदलावा लागला. मुळात 'मुलांबरोबर वडीलधारे माणूस असावे' एवढेच होते, आणि त्याचा अर्थ आमच्याकडे असा रूढ झाला होता की, आईने किंवा आजोबांनी काठावरच्या खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसावे व मुलाने ओरडल्यास उठावे. मूल ओरडणारच नाही हे एकदा कळल्यावर त्या खुर्चीला अर्थ उरत नाही. मंडळातील दोघांचा आक्षेप असा पडला की, आजोबांना पाण्यात उतरावयास लावणे योग्य नाही. त्यावर असे ठरले की आजोबांऐवजी कोणी दुसरे उतरावे, पण कोणीतरी उतरावे. नियमाचा अखेरचा मजकूर असा : 'ज्या मुलांस पोहता येत नाही त्यांच्यासोबतचे मोठे माणूस पाण्यातच, मुलास हात पोचेल इतक्या अंतरावर असावे. बुडणारे मूल हाक मारीत नाही. काठावर बसून लक्ष ठेवणे या नियमात जमेस धरले जाणार नाही.'